दुसऱ्या शहरातून व्हिडिओ कॉलवर फ्लॅट बघताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पुण्यात रीसेल फ्लॅट दाखवते. सिंहगड रोड आणि कोथरूड हा माझा भाग. घेणारा नागपूर, बेळगाव नाहीतर बंगळूरमध्ये बसलेला असतो आणि मी हातात फोन धरून त्याच्या वतीने घरभर फिरते. सुरुवातीला मी मनाला येईल तसं दाखवायचे. मग प्रत्येक वेळी कॉल संपल्यावर कोणीतरी विचारायचं, "मॅडम, बाथरूमचं छत दाखवलंच नाहीत की!" तेव्हापासून मी स्क्रिप्टशिवाय कॉल करत नाही. ती स्क्रिप्ट आणि तिच्याबद्दल लोक विचारतात ते प्रश्न खाली आहेत. उदाहरण म्हणून एकच फ्लॅट घेतला आहे: सिंहगड रोडवरची 2006 सालची चार मजली बिल्डिंग, तिसऱ्या मजल्यावरचा टू बीएचके. बघणाऱ्या ताई नागपुरात होत्या.

घर तर दिसतंच आहे, मग स्क्रिप्ट कशाला?

कॅमेरा फिरवणारा माणूस नकळत सुंदर गोष्टींकडे वळतो. हॉल, खिडकीतला टेकडीचा व्ह्यू आणि मॉड्युलर किचन यातच दहा मिनिटं जातात. सिंकखालचं कपाट, बाथरूमच्या दारामागची भिंत, ड्राय बाल्कनीतला पाइप हे सगळं राहतं, आणि पैसे नेमके तिथे लागतात. तुम्ही स्वतः घरात असता तर सहज वाकून बघितलं असतं. कॉलवर ते वाकणं दुसऱ्याला सांगावं लागतं. म्हणून क्रम आधी ठरलेला हवा, आणि तो घेणाऱ्याने ठरवलेला हवा. फोन मालकाच्या हातात असला तरी चालेल, कागद मात्र तुमच्या हातात असू द्या.

फोन कोणी धरावा? मालक, एजंट की आपला माणूस?

पुण्यात तुमचा आतेभाऊ, मैत्रीण, जुना सहकारी कोणी असेल तर त्यालाच पाठवा. त्याला घरातलं काही कळायची गरज नाही, तुम्ही सांगाल तिथे फोन न्यायचा एवढंच काम. मालक स्वतः फोन धरतात तेव्हा भिंतीवरून फोन फिरतो त्यापेक्षा जास्त त्यांचं बोलणं फिरतं. एजंट असेल (म्हणजे माझ्यासारखी) तर एक गोष्ट लक्षात ठेवा: आमची दलाली सौदा झाल्यावर मिळते. आम्ही खोटं दाखवतो असं नाही, पण घाई आम्हालाही असते.

जमलं तर दोघांना पाठवा. एकाच्या हातात फोन आणि दुसऱ्याच्या हातात टेप, टॉर्च, बादली. एकट्याने हे सगळं करताना फोन सारखा खिशात जातो आणि तुम्हाला अर्धा वेळ खिशाचं अस्तर दिसतं.

कॉलच्या आधी काय तयारी लागते?

फ्लोअर प्लॅनचा फोटो आधी मागवून घ्या. छापील नसेल तर हाताने काढलेला चालेल. तो समोर असेल तर "ही भिंत बाथरूमला लागून आहे ना?" असं तुम्ही विचारू शकता. नाहीतर पाच मिनिटांत कुठली खोली कुठे हेच हरवतं.

मालकांना आदल्या दिवशी तीन गोष्टी सांगायच्या: वीज आणि पाणी चालू ठेवा, सगळ्या कपाटांच्या किल्ल्या घरात असू द्या, आणि पार्किंगमध्ये गाडी असली तर असू द्या, मुद्दाम काढू नका. भाडेकरू राहत असतील तर वेळ त्यांना विचारून ठरवा. दुसऱ्याच्या संसारात कॅमेरा घेऊन शिरणार आहोत, तेवढी जाण हवी.

फोन धरणाऱ्याकडे वेगळी टॉर्च हवी. व्हिडिओ कॉल चालू असताना फोनचा फ्लॅश पेटेलच याची खात्री नसते. पॉवर बँकही हवी, कारण पाऊण तास व्हिडिओ चालला की बॅटरी धडाधड उतरते. शिवाय पाच मीटरची टेप, एक बादली आणि दहा रुपयांचं नाणं. नाण्याचं काम पुढे येईल.

कुठलं ॲप वापरायचं?

दोघांना सवय असेल ते. व्हॉट्सॲप पुरतं. घरचे चौघं वेगवेगळ्या गावांतून बघणार असतील तर गूगल मीट सोयीचं पडतं. फोन आडवा धरा आणि मागचा कॅमेरा वापरा.

स्क्रिप्ट जशीच्या तशी मिळेल का?

मिळेल. आधी तीन शब्द ठरवून घ्या: "थांब", "मागे" आणि "जवळ". आवाज आणि चित्र एक-दोन सेकंद उशिरा पोचतं. "अहो, ते मघाशी दिसलं ना, त्या कोपऱ्यात काहीतरी" एवढं लांब वाक्य पूर्ण होईपर्यंत फोन पुढच्या खोलीत गेलेला असतो. फोन धरणाऱ्याने प्रत्येक जागी मनात पाच आकडे मोजून मगच हलायचं.

*फाटकापाशी, साधारण पाच मिनिटं.* "ताई, मी सोसायटीच्या फाटकाबाहेर उभी आहे. हा समोरचा रस्ता, डावीकडे मेन रोड. आता न थांबता आत चालते. हा लॉबीतला नावांचा बोर्ड, यात फ्लॅट नंबर आणि मालकांचं नाव बघून घ्या. लिफ्टमध्ये कॉल तुटेल, म्हणून जिन्याने येते. जिन्याच्या भिंतीही दिसतील."

*दारात.* "ही दारावरची पाटी. आता दार आतून लावते, मग उघडते. कुठे घासतंय का बघा." दार घासत असलं तर एकतर लाकूड फुगलंय किंवा चौकट हलली आहे. दोन्हींपैकी काय ते विचारायचं.

*हॉल.* "मी खिडकीकडे पाठ करून उभी आहे. आता डाव्या कोपऱ्यापासून भिंत दाखवते, वरून खाली. छत. आता फरशी. टीव्हीच्या मागे टॉर्च मारते." इथे व्ह्यू दाखवायचा नाही. व्ह्यू शेवटी.

*किचन.* "सिंकखालचं कपाट उघडते. हात आत घालून पाइपाचा जॉइंट चाचपते, ओला आहे का सांगते. आता नळ पूर्ण उघडून बादली लावते, तुम्ही घड्याळ लावा."

*बाथरूम आणि टॉयलेट, प्रत्येकी चार-पाच मिनिटं.* "फ्लश करते. आता बादलीभर पाणी दाराजवळ ओतते, ते कुठे जातंय बघा. पाणी नहाणीकडे जातंय की दाराकडे परत येतंय? आता छत. इथे पीव्हीसीचं सीलिंग आहे, काका, एक पट्टी सरकवता येईल का?"

*बेडरूम.* "ही भिंत बाथरूमच्या पाठीला आहे. कपाट उघडते, सगळ्यात खालचा खण काढते, मागच्या प्लायवर टॉर्च."

*बाल्कनी, मग खिडक्या.* "प्रत्येक खिडकी उघडून बंद करते. बाहेरची भिंत वाकून जेवढी दिसेल तेवढी दाखवते." आणि आता व्ह्यू.

*खाली.* "कॉल बंद करते. पार्किंगमध्ये रेंज नाही, तिथला व्हिडिओ काढून पाठवते."

एवढं सगळं चाळीस ते पन्नास मिनिटांत होतं. वीस मिनिटांत झालं तर काहीतरी गाळलंय असं समजा.

कॉलवर घर मोठं वाटलं, प्रत्यक्षात खोल्या छोट्या निघाल्या. असं का होतं?

बहुतेक वेळा कारण वाइड लेन्स. फोनच्या कॅमेऱ्यात `0.5x` असं दिसतं ती लेन्स खोली ओढून लांब करते. ओळखायची सोपी खूण म्हणजे दाराची चौकट चित्राच्या कडेला आली की ती वाकलेली दिसते. तसं दिसलं तर सरळ सांगा, "`1x` वर घ्या."

आणि फरश्या मोजा. गेल्या वीसेक वर्षांत बांधलेल्या खूप फ्लॅटमध्ये दोन बाय दोनच्या व्हिट्रिफाइड टाइल्स असतात, म्हणजे 60 सेंटिमीटरच्या, दोन फुटांना जरा कमी. फोन धरणाऱ्याला म्हणा, "एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत पाय टाकत मोज." पाच बाय सहा टाइल्स म्हणजे जवळपास दहा बाय बाराची खोली. फर्निचरच्या आड टेप जात नाही, पण टाइल्स मोजता येतात. आधी एका टाइलला टेप लावून माप नक्की करून घ्या, कारण टाइल्स लहान-मोठ्या मापांतही येतात.

जाहिरातीत 1,020 स्क्वेअर फूट आहे. खरं किती हे कॉलवर कळेल?

बऱ्यापैकी जवळ जाता येतं. रेरा कायद्यातली कार्पेट एरियाची व्याख्या अशी: फ्लॅटच्या आतली वापरता येणारी जागा आणि आतल्या विभाजक भिंती धरायच्या, बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी आणि टेरेस धरायचं नाही. जुन्या बिल्डिंगच्या जाहिरातीत मात्र अजूनही बिल्ट-अप किंवा सेलेबल आकडा बिनदिक्कत टाकतात.

या फ्लॅटमध्ये आम्ही टेप लावली. हॉल 10 बाय 16, म्हणजे 160. किचन 8 बाय 10, म्हणजे 80. एक बेडरूम 10 बाय 12, म्हणजे 120, आणि दुसरी साडेदहा बाय 12, म्हणजे 126. दोन टॉयलेट 4 बाय 7 ची, मिळून 56. पॅसेज साडेतीन बाय 10, म्हणजे 35. बेरीज 577. आतल्या भिंतींचे वीस-पंचवीस धरले की साधारण 600. टेरेस आणि ड्राय बाल्कनी वेगळी.

मालकांची अपेक्षा 78 लाखांची होती. 1,020 ने भागलं तर स्क्वेअर फुटाला सुमारे 7,650 रुपये. 600 ने भागलं तर 13,000. ताईंनी त्याच सोसायटीच्या पुढच्या गल्लीतला दुसरा फ्लॅट कार्पेटच्या भावाने बघितला होता आणि हा त्यांना स्वस्त वाटत होता. दोन्ही एकाच मापात आणल्यावर तो स्वस्तपणा गेला. कोणाचीही तुलना करताना आधी दोन्हीकडे कार्पेट आणि मगच भाव.

व्हिडिओवर ओल कळते का?

समोरून बघितली तर कळत नाही. ट्यूबलाइटच्या सपाट उजेडात फोनचा कॅमेरा भिंत गुळगुळीत करून टाकतो. टॉर्च भिंतीला जवळजवळ चिकटवून तिरका उजेड टाकायचा. मग फुगवटे, पोपडे, पुट्टीचे ठिगळ यांच्या सावल्या पडतात आणि त्या कॅमेऱ्यात उठून दिसतात. खिडकी चित्रात असली तर कॅमेरा तिचा उजेड सांभाळायला बाकीची खोली काळी करतो आणि डाग त्यात बुडतात. म्हणून स्क्रिप्टमध्ये "खिडकीकडे पाठ" आहे.

बघायच्या जागा ठरलेल्या आहेत: बाथरूमच्या पाठीमागची भिंत जमिनीपासून गुडघ्यापर्यंत, वरच्या मजल्याच्या बाथरूमखालचं छत, खिडकीचे खालचे कोपरे, आणि दक्षिण-पश्चिमेकडच्या बाहेरच्या भिंती. आपल्याकडे पावसाळ्याचं वारं बहुतेक त्या बाजूने येतं, म्हणून पाऊस त्या भिंतींना झोडपतो. फोनमधलं होकायंत्र वास्तूपेक्षा यासाठी जास्त उपयोगी पडतं. ते बघताना लोखंडी ग्रिलपासून थोडं लांब उभं राहायचं, नाहीतर सुई भरकटते.

या फ्लॅटमध्ये दुसऱ्या बेडरूमची एकच भिंत ताज्या रंगाची होती. बाकी तीन भिंती थोड्या पिवळट आणि ही पांढरीशुभ्र. ताईंनी नागपुरातून म्हटलं, "थांबा. या भिंतीमागे काय आहे जी?" प्लॅनमध्ये बाथरूम होतं. मी कपाटाचा खालचा खण काढला. मागचा प्लाय फुगून त्याच्या पापुद्र्या सुटल्या होत्या आणि कडेला काळी बुरशी होती. मालक काका म्हणाले, "गेल्या वर्षी काम करून घेतलंय." ताईंनी शांतपणे विचारलं, "काका, प्लंबरचं बिल असेल का?" बिल नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी प्लंबरला येऊ दिलं, हा त्यांचा चांगुलपणा. गिझरच्या गरम पाण्याच्या पाइपाचा भिंतीतला जॉइंट पाझरत होता. रंग खरंच गेल्या वर्षी दिला होता, गळती मात्र कोणी शोधलीच नव्हती. ताईंनी फ्लॅट यादीतून काढला नाही, पण दुरुस्ती ॲग्रीमेंटच्या आधी आणि मालकांच्या खर्चाने, असं लिहून घेतलं.

एकाच भिंतीला नवा रंग, फक्त एकाच खोलीत वॉलपेपर, एका कोपऱ्यात कारण नसताना लावलेलं पीओपी: असं दिसलं की "थांब" म्हणा.

नाणं कशाला आणायचं?

फरशीवर टिचकी मारायला. टाइल खालून सुटली असेल तर पोकळ आवाज येतो. फोन जमिनीजवळ न्यायचा आणि एका भरीव टाइलवर मारून मग शंकेच्या टाइलवर मारायचं, म्हणजे फरक कळतो. एखाद-दुसरी पोकळ टाइल कुठेही निघते. सलग आठ-दहा निघाल्या तर फरशी बदलण्याचा खर्च मनात धरा.

पाण्याचा अंदाज कसा घ्यायचा?

बादली आणि घड्याळ. 20 लिटरची बादली दोन मिनिटांत भरली तर मिनिटाला 10 लिटर, ठीक. पाच मिनिटं लागली तर 4 लिटर, म्हणजे शॉवरखाली उभं राहून वाट बघायची. सगळ्यात वरच्या मजल्यावर हे जरूर करा. टाकी डोक्यावरच असते, उंचीचा फरक कमी, म्हणून दाब तिथेच सगळ्यात कमी असतो. लोकांना उलट वाटतं.

पण नळाला आज पाणी आहे यावरून मे महिन्याचं काही कळत नाही. त्यासाठी प्रश्न विचारायचे: कॉर्पोरेशनचं पाणी किती वाजता येतं? बोअर आहे का? टँकर लागतात का? उत्तर "कधीतरी" असं आलं तर एप्रिल-मेची मेंटेनन्सची बिलं मागा. टँकरचा खर्च बऱ्याच सोसायट्या त्यात वेगळा दाखवतात.

रस्त्याचा आवाज कॉलवर येत नव्हता, राहायला गेल्यावर झोप लागेना. फसवलं का?

बहुधा कोणी फसवलं नाही, ॲपने आवाज गाळला. व्हिडिओ कॉलची ॲप्स माणसाचं बोलणं ठेवतात आणि मागची सलग घरघर कमी करतात. रस्त्याची घरघर, जनरेटर, शेजारच्या हॉटेलचा एक्झॉस्ट फॅन, नेमकं तेच तुम्हाला ऐकायचं असतं. "बघा, किती शांत आहे!" असं मीही निरागसपणे म्हणून गेले आहे.

उपाय असा की कॉलवर आवाज तपासूच नका. फोन धरणाऱ्याने कॉल बंद करून, बेडरूमची खिडकी उघडी ठेवून फोनच्या साध्या व्हॉइस रेकॉर्डरवर एक मिनिट काही न बोलता आवाज घ्यायचा, मग खिडकी बंद करून आणखी एक मिनिट. आवाज किती मोठा हे त्यातूनही नीट मोजता येत नाही, पण उघडी आणि बंद यातला फरक ऐकू येतो. रेकॉर्डिंगची वेळ रविवार दुपारची नको. सिंहगड रोडसारख्या ठिकाणी कामाच्या दिवशी संध्याकाळी सातची घ्या.

वासाचं मात्र काही करता येत नाही. फोन धरणाऱ्याला विचारायचं, "बाथरूममध्ये शिरल्यावर पहिल्या क्षणी कसला वास आला?" दहा मिनिटांनी विचारलंत तर नाक सरावलेलं असतं. उदबत्ती किंवा रूम फ्रेशनरचा भपकारा असेल तर तेही सांगायला सांगा.

पार्किंगमध्ये काय बघायचं?

मालकांनी "कव्हर्ड पार्किंग आहे" म्हटलं की त्यांना त्या जागेत नेऊन उभं करा आणि नंबर कॅमेऱ्यात घ्या. मग खांबापासून खांबापर्यंत टेप. अडीच मीटर रुंदी असली तर गाडी लागते आणि दारही उघडतं. त्याहून कमी असेल आणि एका बाजूला भिंत असेल तर ड्रायव्हरला दुसऱ्या बाजूने सरकत उतरावं लागेल.

जागा कोणाच्या हक्काची हे मात्र व्हिडिओत दिसत नाही. ते सोसायटीच्या अलॉटमेंटच्या कागदावर असतं. मोकळी किंवा स्टिल्टखालची जागा बिल्डर फ्लॅटसारखी वेगळी विकू शकत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा 2010 चा निकाल आहे. त्यामुळे "आम्ही बिल्डरकडून विकत घेतली होती" एवढ्यावर थांबू नका, सोसायटीचं पत्र मागा.

नोटीस बोर्ड दिसला तर पाण्याच्या, लिफ्टच्या, दुरुस्ती वर्गणीच्या सूचना वाचा. थकबाकीदारांची यादी लावलेली असेल तर ती चित्रित करू नका. इतरांची नावं तुमच्या कामाची नाहीत.

मालक रेकॉर्डिंगला नाही म्हणतात. काय करावं?

त्यांचं घर आहे, त्यांचा हक्क आहे. न सांगता स्क्रीन रेकॉर्ड करू नका. मी आधीच विचारते, "काका, भिंती आणि पाइपांपुरतं रेकॉर्ड करू का? फोटो, देवघर, घरची माणसं येणार नाहीत." बहुतेक जण हो म्हणतात. नाहीच म्हणाले तर शंकेच्या जागांचे फोटो त्यांच्यासमोर काढायची परवानगी मागा. भिंतीच्या फोटोलाही नकार आला, तर त्या भिंतीबद्दल जास्त प्रश्न विचारा.

आणि देवघरावरून आठवलं. ताईंच्या सासूबाईंनी सगळ्या कॉलमध्ये एकच प्रश्न विचारला, "देव कुठे बसवणार?" असे प्रश्न स्क्रिप्टच्या शेवटी पाच मिनिटं वेगळी ठेवून घ्या. मध्येच आले की क्रम मोडतो.

समोरचा माणूस खरंच मालक आहे हे कसं कळणार?

घरात उभा आहे म्हणून मालक, असं होत नाही. भाड्याने किंवा दोन दिवसांसाठी घेतलेल्या फ्लॅटमध्येही कोणीही उभं राहू शकतं. म्हणूनच स्क्रिप्ट फाटकापासून सुरू होते आणि आत येईपर्यंत कॉल तोडायचा नसतो. पत्ता, विंग, लॉबीचा बोर्ड आणि दारावरची पाटी एका सलग चित्रात यायला हवी. मध्ये कॉल तुटला तर लॉबीपासून पुन्हा.

मग महावितरणचं बिल कॅमेऱ्यासमोर धरायला सांगा, नाव आणि पत्ता जुळतो का बघा. हा पुरावा नाही, पहिली चाळणी आहे. बिल जुन्या मालकाच्या नावावर राहिलेलं असतं असंही पुष्कळदा होतं, मग तसं का ते विचारा. खरी तपासणी इंडेक्स टूवर. त्यात घेणारा, देणारा, मिळकतीचं वर्णन, क्षेत्र आणि दस्ताचा नंबर असतो. त्याची प्रत मागा आणि नोंदणी व मुद्रांक विभागाच्या igrmaharashtra.gov.in वरच्या ई-सर्चमध्ये स्वतः शोधून ताडून बघा. शेअर सर्टिफिकेटवर सध्याच्या मालकाचं नाव चढलेलं आहे का, तेही.

कागद कॅमेऱ्यापुढे फडफडवून दाखवले तर ते बघितले असं धरू नका. स्कॅन मागवा आणि वकिलाला द्या. आधार आणि पॅनचे फोटो मात्र दोन्ही बाजूंनी या टप्प्यावर कोणी मागू नयेत आणि देऊ नयेत.

व्हिडिओ आवडला. टोकन पाठवू का? मालक म्हणतात, दुसरी पार्टी उद्या येतेय.

दुसरी पार्टी नेहमी उद्याच येत असते. कधीकधी ती खरोखरच येते, हेही सांगते, आणि फ्लॅट जातो. तरीही प्रत्यक्ष कोणीतरी तुमच्या बाजूचं जाऊन आल्याशिवाय आणि वकिलाने कागद बघितल्याशिवाय पैसे पाठवू नका. थांबणं शक्यच नसेल तर रक्कम छोटी ठेवा, इंडेक्स टूवर नाव आहे त्याच माणसाच्या बँक खात्यात पाठवा, आणि आधी व्हॉट्सॲपवर का होईना पण लिहून घ्या: कागदात दोष निघाला किंवा प्रत्यक्ष भेटीत गळती, क्षेत्र, पार्किंग यात फरक आढळला तर टोकन इतक्या दिवसांत परत. एजंटच्या खात्यात टोकन नको. माझ्याही नको.

कॉलवर काय कधीच कळणार नाही?

शेजारी. वरच्या घरातल्या मुलांची धावपळ. सोसायटीच्या कमिटीत भांडणं आहेत का. पावसाळ्यात गच्चीचं काय होतं. यातलं थोडंफार वॉचमनला आणि समोरच्या फ्लॅटमधल्या काकूंना विचारून कळतं, पण ते कॅमेरा बंद करूनच विचारायचं. कॅमेरा चालू असला की वॉचमनही "सगळं चांगलं आहे" एवढंच म्हणतो.

कॉल संपल्यावर पुढे काय?

फोन धरणाऱ्याने त्याच दिवशी पार्किंगचा व्हिडिओ, खिडकीचे दोन आवाज आणि शंकेच्या जागांचे फोटो पाठवायचे, प्रत्येक फोटोखाली खोलीचं नाव लिहून. नाहीतर आठवड्याने चार फ्लॅटच्या चौदा ओल्या भिंती एकमेकांत मिसळतात. तुम्ही तुमच्या बाजूने मोजमापांचा कागद पूर्ण करा आणि जिथे "थांब" म्हटलंत त्या जागांची यादी मालकांना पाठवून प्रत्येकाचं उत्तर लेखी मागा.

ताईंच्या यादीत चार जागा होत्या. तीनची उत्तरं काकांनी त्याच रात्री दिली. चौथी, किचनच्या खिडकीखालची बारीक चीर, ती बघायला मी प्लंबरबरोबर पुन्हा गेले, आणि सातचा आवाज घ्यायचा म्हणून साडेसातपर्यंत खिडकीत उभी राहिले.